पार्सल भिवंडीत, संताप मोबाइलवर

फेब्रुवारी 2018मध्ये ब्रिटनमधल्या केएफसीच्या दुकानांतलं चिकन संपलं. कोंबड्यांचा तुटवडा नव्हता, पैशांचा प्रश्न नव्हता, संपही नव्हता. 14 फेब्रुवारीला कंपनीने दुकानांना माल पोचवण्याचं काम बिडवेस्ट या जुन्या वाहतूकदाराकडून काढून डीएचएलकडे दिलं होतं आणि देशभराचा माल मध्य इंग्लंडमधल्या रग्बी इथल्या एकाच गोदामातून निघू लागला होता. पहिल्याच दिवशी जवळच्या एम-6 महामार्गावर अपघात झाले, वाहतूक कोंडली आणि ट्रक अडकले. एका दिवसाची गाडी चुकली की दुसऱ्या दिवसाचा माल तिच्या मागे साचतो. चारपाच दिवसांत ब्रिटनमधल्या सुमारे 900 दुकानांपैकी 600हून अधिक दुकानांना कुलूप लागलं.

लोक चिडले, आणि तो राग समाजमाध्यमांवर इतका उसळला की लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातल्या पोलिसांना ट्विटरवर जाहीर विनंती करावी लागली: केएफसीत चिकन नाही हा पोलिसांचा विषय नाही, त्यासाठी आम्हाला संपर्क करू नका.

या प्रकरणातलं आज सगळ्यांना आठवतं ते 23 फेब्रुवारीला ‘मेट्रो’ आणि ‘द सन’ या वृत्तपत्रांत आलेलं पानभर माफीपत्र. चिकनची रिकामी बादली, आणि तिच्यावर कंपनीच्या नावातली तीन अक्षरं अशी उलटसुलट केलेली की इंग्रजीतली एक शिवी वाचली जावी. जाहिरात क्षेत्रात तिचं कौतुक झालं, बक्षिसंही मिळाली. पण तारीख पाहायला हवी. ती जाहिरात नवव्या दिवसानंतर आली, बहुतेक दुकानं पुन्हा उघडू लागली होती तेव्हा. त्याआधीचे खरे कठीण दिवस कंपनीने दुसऱ्याच गोष्टीवर काढले. वितरणात नेमकं काय बिघडलं आहे हे तिने साध्या शब्दांत कळवलं, आणि कोणतं दुकान उघडं आहे, कोणतं बंद, हे दाखवणारं एक पान इंटरनेटवर चालू केलं. घरातून निघण्याआधी माणसाला हवी असलेली माहिती तिथे होती. माफीपत्रातही खास माफी मागितली होती ती वाट वाकडी करून आलेल्या आणि बंद दार पाहून परतलेल्या लोकांची. डीएचएलचं नाव त्यात नव्हतं.

उशीर झाला की ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘का’ हा नसतो. ‘माझी वस्तू आत्ता कुठे आहे आणि मी काय समजून चालू’ हा असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत माफीचे कितीही सुंदर शब्द लिहिले तरी ते त्याला टाळाटाळच वाटतात. म्हणून अशा प्रसंगासाठीची योजना आधी पार्सलं मोजण्याची असावी लागते, शब्दांची वेळ नंतर येते. मोठ्या कंपनीकडे यासाठी माणसं असतात. छोट्या व्यावसायिकाकडे ती नसतात, आणि महाराष्ट्रात अशा प्रसंगाला सर्वांत जास्त तोंड द्यावं लागतं ते त्यालाच. तेव्हा ही योजना त्याच्याच मापाने पाहू.

समजा, डोंबिवलीत फराळाचा एक व्यवसाय आहे. घरगुती म्हणून सुरू झालेला, आता बारा-पंधरा बायका काम करतात, ऑर्डर ऑनलाइन येतात आणि पार्सलं कुरिअरने जातात. वसुबारसेच्या संध्याकाळी भिवंडीतलं कुरिअरचं केंद्र तुंबतं. दिवाळीच्या आठवड्यात ते तुंबणं नवलाचं नाही. ट्रॅकिंगवर तीन दिवस एकच ओळ दिसते आहे. रात्री आठला पहिली कमेंट येते, नऊपर्यंत पन्नास होतात. ‘पैसे घेऊन गप्प बसलात.’ ‘फोन उचलत नाही.’ ‘आईला सांगितलं होतं फराळ येतोय म्हणून.’ एकूण 300 ऑर्डर पोचायच्या आहेत. नरकचतुर्दशीची पहाट छत्तीस तासांवर आली आहे, आणि अभ्यंगस्नानानंतर ताटात फराळ हवा म्हणूनच लोकांनी तो मागवला आहे.

अशा वेळी पहिली पंधरा मिनिटं थांबवण्याची. आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट थांबवायच्या. सव्वानऊला ‘शेवटची संधी, चकलीवर दहा टक्के सूट’ अशी पोस्ट आपोआप पडली, तर खाली चिडलेले पन्नास जण बसलेलेच आहेत. पैसे भरून चाललेल्या जाहिराती बंद करायच्या, आणि नव्या ऑर्डर घेणंही बंद करायचं. हा शेवटचा निर्णय सगळ्यांत जड जातो, कारण दिवाळीतला गल्ला तोच असतो. पण जुनी पार्सलं अडकलेली असताना नवे पैसे घेतले, तर उद्या ती ऑर्डर त्याच रांगेत उभी राहते, आणि तिचा ग्राहक ‘यांना माहीत असूनही घेतले’ असं म्हणतो तेव्हा त्याला देण्यासारखं उत्तर नसतं.

त्याच पंधरा मिनिटांत एक माणूस ठरवायचा, ज्याचा शब्द आज शेवटचा. मालकीणबाई स्वतः असतील तर उत्तम. मुलगा इन्स्टाग्रामवर एक सांगतोय, पॅकिंगवाली ताई फोनवर दुसरंच, आणि कुरिअरचा माणूस तिसरं, असं झालं की लोक तिन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावतात.

मग तासाभरात पहिलं निवेदन. सगळं कळण्याची वाट पाहायची नाही, पण कळलेल्यापेक्षा एक अक्षर जास्त लिहायचं नाही. काहीसं असं:

‘सोमवारपासून आम्ही पाठवलेली बरीच पार्सलं भिवंडीच्या कुरिअर केंद्रात अडकली आहेत. चूक कुठेही झाली असो, पैसे तुम्ही आम्हाला दिले आहेत, त्यामुळे जबाबदारी आमची आहे. आज रात्री आम्ही प्रत्येक ऑर्डर कुठे आहे ते तपासतोय. उद्या सकाळी 10 वाजता इथेच पुढची माहिती देऊ आणि प्रत्येकाला वेगळा मेसेजही करू. नवीन ऑर्डर घेणं आम्ही थांबवलं आहे.’

यात एका गोष्टीचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही, ती म्हणजे पार्सल कधी पोचेल याची तारीख. तारीख दिली नाही म्हणून लोक आणखी चिडतील, असं वाटतं आणि हात शिवशिवतो. ‘उद्यापर्यंत नक्की’ असं लिहिलं की त्या क्षणी पंधरा जण शांतही होतात. पण ते वाक्य कुरिअरच्या तोंडी आश्वासनावर उभं असतं, आणि उद्या ते मोडलं की राग दुप्पट होतो, कारण आता उशिरावर खोटेपणाचीही भर पडलेली असते. पार्सल कधी पोचेल हे दुकानदाराच्या हातात नाही. आपण पुढची माहिती कधी देऊ, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे. म्हणून वचन त्याचंच द्यायचं. दहा म्हणजे दहा. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी दहाला ‘अजून गाडी सुटलेली नाही, पुढची माहिती दुपारी 2 वाजता’ एवढं लिहायचं.

रात्रीचं खरं काम मात्र मोजणीचं. 300 ही संख्या त्या रात्री फारशी उपयोगाची नसते, कारण ती 300 पार्सलं एका ठिकाणी नसतात. ऑर्डरची यादी आणि ट्रॅकिंग समोरासमोर ठेवून बसलं, तर चित्र साधारण असं निघतं. 60 खोकी अजून स्वयंपाकघरातच आहेत. 40 खोक्यांवर लेबल चिकटलंय, ग्राहकाला ‘पाठवलं’ असा मेसेजही गेलाय, पण कुरिअरने ती उचललेलीच नाहीत. 170 भिवंडीत आहेत. 30 त्या त्या गावी पोचली असून वाटपात आहेत. या चार ढिगांना चार वेगळी उत्तरं आहेत. सगळ्यांना एकच ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ पाठवलं तर चौघांपैकी एकाचाही प्रश्न सुटत नाही.

दुसरा ढीग सर्वांत नाजूक. लेबल छापलं की ट्रॅकिंगवर नोंद उमटते आणि ग्राहक समजतो, पार्सल निघालं. पण कुरिअरने ते ताब्यात घेतल्याची पहिली नोंद उमटेपर्यंत ते निघालेलं नसतं. दुकानदाराच्या दारातच पडलेल्या खोक्याबद्दल ‘कुरिअरकडे अडकलंय’ असं लिहिलं गेलं, तर जाणकार ग्राहक दोन मिनिटांत ते पकडतो. उलट हीच 40 आणि आधीची 60 अशी 100 खोकी अजून आपल्या हातात आहेत, ही त्या रात्रीतली सर्वांत चांगली बातमी. मुंबई-ठाण्यातली टेम्पो करून पाठवता येतात, पुण्याची एखाद्या गाडीने पुण्यातल्या ओळखीच्या घरी उतरवून तिथून वाटता येतात. खर्च वाढतो, पण नरकचतुर्दशीच्या आत ती पोचू शकतात. भिवंडीतल्या 170 खोक्यांबाबत त्या रात्री फोन करण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही, आणि तेही ग्राहकांना तसंच सांगावं लागतं.

भिवंडीच्या ढिगातही आणखी एक निवड करावी लागते, आणि ती आधी. कोणत्या खोक्यात ओल्या नारळाच्या करंज्या किंवा ओल्या नारळाचे लाडू आहेत? चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे आठवडाभर खोक्यात राहिले तरी फार बिघडत नाही. ओला नारळ दोन-तीन दिवसांतच आंबूस होतो, आणि बंद खोक्यात उकाड्यात तर लवकरच. ही पार्सलं उशिरा पोचली तर प्रश्न चवीपुरता राहत नाही, पोटाचा होतो. म्हणून या ग्राहकांना सगळ्यांच्या आधी, मेसेजवर विसंबून न राहता फोन करायचा: पार्सल आलं तरी त्यातल्या करंज्या खाऊ नका, पैसे पूर्ण परत करतोय. त्यांच्यापैकी एकानेही अजून तक्रार केलेली नसेल. कमेंटमध्ये सर्वांत मोठ्याने बोलणारा आणि सर्वांत जास्त धोक्यात असलेला हे बहुधा वेगवेगळे असतात, आणि घाईत दुकानदार पहिल्याकडेच धावतो. हजारो फॉलोअर असलेल्या ग्राहकाला रात्रीतून स्वतंत्र माणूस पाठवून खोकं पोचवलं आणि बाकीच्यांना थांबवलं, तर ती गोष्टही बाहेर येते. रांग ठरवायची ती नुकसानावरून. आधी खराब होणारं, मग पहिल्या आंघोळीसाठी हवं असलेलं, मग भाऊबीजेला भावाकडे जायचं असलेलं, कारण त्याला अजून तीन दिवस आहेत.

उत्तरांचा हिशेबही आधीच मांडावा. एका ऑर्डरची स्थिती पाहून नीट उत्तर लिहायला तीन मिनिटं धरली, तर 300 जणांना पंधरा तास लागतात. एकटा माणूस हे करू शकत नाही. म्हणून चार ढिगांना आधी चार सामुदायिक मेसेज, त्यातही प्रत्येकाच्या नावासह, आणि मग तिघांनी मिळून एकेकाची उत्तरं. कमेंट करणाऱ्याला उत्तर उघडपणे एकदाच द्यायचं, पुढचं बोलणं खासगीत. पण ते उघड उत्तर ‘कृपया डीएम करा’ एवढंच असून चालत नाही. पन्नास कमेंटखाली पन्नास वेळा तेच वाक्य दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, कुणी वाचतच नाहीये.

समजा, एका ताईंनी लिहिलंय: ‘नाशिकला आईकडे पाठवायला सांगितलं होतं, चार दिवस झाले, लाज वाटते का?’ याला ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो’ हे उत्तर वाचवत नाही. ‘ताई, नाशिकची पार्सलं भिवंडीतच आहेत, उद्या पहाटेपर्यंत ती पोचणार नाहीत. आईंकडे फराळ उशिरा चालेल का, की पैसे परत हवेत, हे विचारायला आत्ता तुम्हाला मेसेज केलाय’ हे चालतं. त्यात वाईट बातमी स्पष्ट आहे, गाव बरोबर आहे आणि निर्णय ताईंच्या हातात आहे. शिवाय हे उत्तर नाशिकचे इतर ग्राहकही वाचतात, आणि त्यांचा प्रश्न विचारायच्या आधीच सुटतो.

कमेंट उडवायच्या का? रागाच्या, कडवट, अन्यायाच्या वाटणाऱ्यासुद्धा नाही. उडवलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतोच, आणि मग फराळ बाजूला राहून लपवाछपवीचीच चर्चा सुरू होते. लपवायच्या त्या दोनच प्रकारच्या. एक, कुणाच्या जातीधर्मावर किंवा कुरिअरच्या पोरावर घाण शिवीगाळ करणाऱ्या. दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा: ग्राहकाने रागाच्या भरात स्वतःचा मोबाइल नंबर, पत्ता, ऑर्डर क्रमांक उघड लिहिलेला असतो. ती कमेंट ताबडतोब लपवून त्याला खासगीत कळवायचं, कारण त्या नंबरवर दुसरं कुणीतरी टपून बसलेलं असतं.

हा धोका मोठा आहे आणि छोट्या व्यावसायिकांच्या लक्षात तो उशिरा येतो. चिडलेल्या ग्राहकांच्या कमेंट हे सायबर भामट्यांचं शोधायचं ठिकाण आहे. ते त्याच दुकानाचं बोधचिन्ह लावून ‘ग्राहक सेवा’ अशा नावाचं खातं उघडतात आणि तक्रारीखाली लिहितात, ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, या लिंकवर माहिती भरा.’ पुढे फोन येतो, मोबाइलचा स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला सांगतात किंवा पैसे ‘मिळवण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला लावतात. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो लागतो पैसे देताना. हजार-बाराशेच्या फराळासाठी चिडलेल्या माणसाचं खातं रिकामं होतं, आणि त्याच्या लेखी फसवणारं दुकान तेच असतं. म्हणून पहिल्याच निवेदनाखाली ठळकपणे लिहायला हवं: आम्ही फक्त याच खात्यावरून आणि याच नंबरवरून बोलू, ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने परत येतील, लिंक, ओटीपी, पिन काहीही मागणार नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. दर तासाला स्वतःच्या दुकानाचं नाव शोधून खोटी खाती कळवायचं कामही एकाकडे सोपवावं लागतं.

आता पैशांचा विषय. उदार मनाने ‘सगळ्यांना पूर्ण पैसे परत’ असं लिहून टाकण्याआधी कागद-पेन घ्यावा. भिवंडीतली 170 खोकी, प्रत्येकी 1,200 रुपये धरले तर 2,04,000 रुपये होतात. ही रक्कम दिवाळीत छोट्या व्यावसायिकाकडे हातात नसते, ती बेसन, तूप आणि पगारात गेलेली असते. ग्राहकाला दोन पर्याय दिले, पूर्ण पैसे परत किंवा उशिरा पार्सल आणि कुरिअरचे 150 रुपये परत, आणि एक तृतीयांश लोकांनी पहिला पर्याय निवडला, तर 57 जणांचे 68,400 आणि उरलेल्या 113 जणांचे 16,950 असे 85,350 रुपये लागतात. हा आकडा परवडणारा असेल तरच ते पर्याय जाहीर करायचे. ज्या खोक्यांत ओला नारळ आहे तिथे मात्र पर्याय विचारायचाच नाही, पैसे परतच. रिफंड ‘केला’ असं लिहिण्यातही एक खाच आहे. पेमेंट गेटवेवरून रक्कम सोडली की ती खात्यात दिसायला काही कामकाजाचे दिवस लागतात, आणि दिवाळीत बँकांना सुट्ट्या असतात. ‘आज रक्कम सोडली आहे, व्यवहार क्रमांक हा, सुट्ट्यांमुळे खात्यात दिसायला पुढचा आठवडा लागू शकतो’ असं लिहिलं नाही, तर तीन दिवसांनी रागाची दुसरी लाट येते आणि ती पहिलीपेक्षा कडक असते.

कायदाही इथे गप्प नाही. 2020च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला, तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. अपवाद आहे तो आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. पूर आला, रस्ता वाहून गेला, तर ते ठीक. पण दिवाळीची गर्दी दरवर्षी, पंचांगात छापलेल्या तारखेला येते, तिला अनपेक्षित आपत्ती म्हणणं कठीण जाईल. याच नियमांत तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करण्याचं बंधन आहे. ग्राहकाला उत्तर मिळालं नाही, तर त्याच्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

‘चूक कुरिअरची आहे’ हे खरं असलं तरी ते उत्तर का पुरत नाही, याचं मोठं उदाहरण 2013च्या नाताळचं. त्या वर्षी अमेरिकेत शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन खरेदी इतकी वाढली की यूपीएस या वाहतूक कंपनीची क्षमता अपुरी पडली आणि असंख्य भेटवस्तू नाताळनंतर पोचल्या. ॲमेझॉनने माल वेळेवर वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्याचं सांगितलं, पण तेवढ्यावर हात झटकले नाहीत. फटका बसलेल्या ग्राहकांना पाठवणीचा खर्च परत दिला आणि सोबत 20 डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. मुलाच्या झाडाखाली खेळणं नव्हतं, आणि त्या घराने पैसे मोजले होते ते ॲमेझॉनला.

कुरिअरवर जाहीरपणे बोट दाखवण्याचा आणखी एक परिणाम होतो. तो राग वरच्या कार्यालयापर्यंत जात नाही. तो जातो दारात उभ्या असलेल्या, दिवाळीत घरी न गेलेल्या पोरावर, ज्याच्या पाठीवर ते खोकं असतं आणि ज्याचा भिवंडीच्या तुंबण्याशी काहीही संबंध नसतो. ग्राहकांना पाठवायच्या मेसेजमध्ये ‘पार्सल आणणाऱ्या मुलाला याची कल्पना नाही, राग आम्हाला कळवा’ ही ओळ घालायलाच हवी. केएफसीने बंद दुकानांतल्या तासावर काम करणाऱ्यांना मागच्या बारा आठवड्यांच्या सरासरीनुसार पगार दिला होता. आणीबाणीत आपल्या माणसांचं काय होतं, हेही लोक पाहत असतात.

आत उत्तरं देत बसलेल्यांचीही काळजी घ्यावी लागते. चार तास सलग शिव्या वाचणारी मुलगी पाचव्या तासाला तिरकं उत्तर लिहिते, आणि त्या एका उत्तराचा स्क्रीनशॉट बाकीच्या तीनशेंच्या पुढे जातो. दोन तासांनी माणूस बदलायचा, एवढा साधा नियम पुरतो.

काही लाटा मात्र येण्याआधीच दिसतात. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली सीमाशुल्काची सूट काढून घेतली, आणि 25 ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी पार्सलं घेणं थांबवलं. ही सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होतं 21 ऑक्टोबरला. न्यू जर्सीतल्या, कॅलिफोर्नियातल्या लेकी-मुलांसाठी टपालाने फराळ पाठवणाऱ्यांचा तो पूर्ण हंगाम होता. पण इथे विक्रेत्याच्या हातात जवळजवळ दोन महिने होते. त्या काळात ज्याने ऑर्डर घेताना ‘टपाल बंद आहे, खासगी कुरिअरने खर्च इतका वाढेल, शुल्क तिकडच्यांना भरावं लागू शकतं, हे चालत असेल तरच ऑर्डर द्या’ असं लिहिलं, त्याच्या ग्राहकाने निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला. जो ऑर्डर घेत राहिला आणि टपाल लवकर सुरू होईल या आशेवर बसला, त्याच्यापुढे दिवाळीत माफीखेरीज काही उरणार नव्हतं. वाईट बातमी विक्रेत्याने आधी सांगितली तर ती माहिती असते. ग्राहकाने ती स्वतः शोधून काढली की तिची तक्रार होते.

लाट ओसरली हे कसं ओळखायचं? कमेंटची संख्या घटणं हा कच्चा पुरावा आहे. रात्री लोक झोपतात म्हणूनही ती घटते. जास्त भरवशाचं मोजमाप म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा विचारायला आला का. पहिल्यांदा विचारणारे वाढत असतील, तर बातमी अजून पसरते आहे. दुसऱ्यांदा विचारणारे वाढत असतील, तर दिलेली उत्तरं पोकळ होती. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा: किती पार्सलांवर ‘पोचलं’ ही नोंद आली आणि त्यातल्या किती ग्राहकांनी ते खरंच हातात मिळाल्याचं सांगितलं. दिवाळीत बंद घराच्या वॉचमनकडे खोकं देऊन ‘पोचलं’ अशी नोंद करणं सर्रास होतं, त्यामुळे या दोन आकड्यांत फरक पडतो, आणि तो फरक म्हणजे उद्याच्या तक्रारी.

भाऊबीजेनंतर शेवटची पार्सलं पोचली की एक काम उरतं. ज्या कमेंटला उत्तर दिलं होतं, तिथेच परत जाऊन पुढे काय झालं ते लिहायचं: ‘ताई, पार्सल आज आईंना मिळालं, 150 रुपये सोडले आहेत.’ सहा महिन्यांनी एखादा नवा ग्राहक दुकानाचं नाव शोधतो तेव्हा त्याला त्या जुन्या शिव्या दिसणारच आहेत, त्यांच्याखाली ही ओळही दिसायला हवी. आणि पुढच्या वर्षीच्या ऑर्डरच्या पानावर तीन तारखा आधीच छापायच्या. मुंबई-पुण्यासाठी ऑर्डर कोणत्या दिवशी बंद, महाराष्ट्रातल्या इतर गावांसाठी कोणत्या दिवशी, परदेशासाठी कोणत्या दिवशी. आणि वसुबारसेच्या आधीच्या चार दिवसांत ओल्या नारळाचा एकही पदार्थ कुरिअरने पाठवायचा नाही, तो फक्त दुकानातून हातात द्यायचा.